नारायण पेठेतील गच्चीवर कुरडयांचे वाळवण : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२४

५ फेब्रुवारी

आमची इमारत पुण्याच्या नारायण पेठेत आहे. जुना वाडा पाडून बांधलेल्या या इमारतीला चार मजले असून गच्ची सुमारे १,२०० चौरस फुटांची आहे. पाण्याच्या टाक्या, सौर बंब, जिन्यावरची खोली आणि टाक्यांकडे जाण्याची वाट वगळली, तर सलग वापरता येईल अशी जागा ५०० चौरस फुटांच्या आसपास उरते. पेठेत तळमजल्यावर एवढा गाळा भाड्याने घेणे आमच्या बचत गटाला परवडणारे नाही, म्हणून गच्चीवर कोणता व्यवसाय उभा राहू शकतो याचा विचार सुरू केला.

पहिली सूचना रोपवाटिकेची आणि भाजीपाल्याची होती. इमारतीचे काम पाहिलेल्या अभियंत्यांनी ती वजनाच्या मुद्द्यावर थांबवली. माणसांची ये-जा असलेली गच्ची भारतीय मानकानुसार साधारणपणे प्रत्येक चौरस मीटरला १५० किलोचा वापरभार धरून आखलेली असते, आणि फूटभर खोलीच्या वाफ्यातील ओली माती त्याच एका चौरस मीटरवर ५०० किलोच्या घरात जाते. उथळ कुंड्यांनी वजन कमी करता आले असते, पण रोजचे पाणी गच्चीच्या कोब्यावर पडत राहिले असते आणि चौथ्या मजल्यावरील कुटुंबाच्या छताला पूर्वीच एकदा ओल आलेली आहे. गच्चीवर चहा-नाश्त्याची जागा करण्याचा विचार तर लगेच सोडला, कारण त्यासाठी अग्निशमनापासून बांधकामाच्या वापरापर्यंत अनेक परवानग्या लागतात आणि अनोळखी लोक जिन्याने वर येऊ लागतात.

वाळवणाला वजन नाही, पाणी नाही आणि बाहेरचे गिऱ्हाईक वर येण्याची गरज नाही. त्याला लागते ते ऊन, आणि पुण्याच्या मार्च ते मेच्या दुपारइतके कोरडे ऊन मुंबई-ठाण्याकडे मिळत नाही. पापड, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या असे सगळेच एकदम न करता फक्त गव्हाच्या कुरडया करायच्या असे ठरवले, कारण त्या घरी करण्याचे कष्ट लोकांना नको असतात आणि चांगल्या कुरडईला भाव मिळतो.

११ फेब्रुवारी

आज सभासदांच्या सभेत ठराव झाला. गच्ची सामाईक असल्यामुळे, वरच्या मजल्यावरील सदनिकाधारकाची तोंडी संमती घेऊन काम सुरू करणे हा वादाचा सरळ रस्ता ठरला असता. म्हणून ठरावात पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या : वापर १ मार्च ते १५ जून एवढ्याच काळापुरता, महिन्याला ३,००० रुपये देखभाल निधीत जमा, टाक्यांची आणि जिन्याची वाट मोकळी, गच्चीवर गॅस पेटवायचा नाही, आणि गच्चीच्या जमिनीत किंवा कठड्यात एकही भोक पाडायचे नाही.

शेवटची अट पहिल्या मजल्यावरील काकांनी घातली. ती सुरुवातीला जाचक वाटली तरी योग्य आहे. गच्चीच्या फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो आणि जलरोधक थर त्यातच असतो. त्यात खुंटी ठोकली की पाणी आत शिरते आणि कोब्यातून आडवे पसरून भलत्याच खोलीच्या छतावर उतरते, त्यामुळे गळती नेमकी कुठून झाली हे नंतर शोधताही येत नाही. हे काम करू इच्छिणाऱ्यांनी ही अट कोणी घातली नाही तरी स्वतःहून पाळावी.

२२ फेब्रुवारी

अन्न सुरक्षा नोंदणी ऑनलाइन केली. वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असल्याने परवाना नव्हे तर साधी नोंदणी पुरली आणि २०२४ मध्ये तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याशिवाय घटक पदार्थ, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, किती काळात वापरावे ते, बॅच क्रमांक, आणि पत्ता व संपर्क हा मजकूरही पाकिटावर हवा. हा मजकूर ठरण्याआधी पाकिटे छापून घेऊ नयेत. आम्ही साधी पाकिटे घेऊन त्यांवर लेबल चिकटवण्याचे ठरवले आहे.

२ मार्च

पहिली चाचणी जुन्या पद्धतीने, उघड्यावर घेतली. गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदलले, वाटून चीक गाळला आणि रात्रभर स्थिर ठेवून वरचे पाणी ओतून दिले. चिकाच्या मापाइतकेच पाणी उकळून त्यात मीठ व हिंग घातले, चीक सतत ढवळत चकचकीत होईपर्यंत शिजवला आणि गच्चीवर खाटांवर अंथरलेल्या प्लास्टिकवर सोऱ्याने कुरडया घातल्या.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बिघडल्या. पारवे येणार हे माहीत होते, म्हणून चारही बाजूंना चकाकत्या पट्ट्या बांधल्या होत्या, परंतु पारवे तासाभरात त्या पट्ट्यांना सरावले आणि थेट खाटेवर उतरले. ज्या खाटेवर विष्ठा पडली तिच्यावरील सगळा माल टाकून दिला. विकायच्या अन्नाच्या बाबतीत तेवढाच भाग काढून बाकीचा ठेवणे आम्हाला मान्य नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नव्हती. शेजारच्या वाड्याचे पाडकाम सुरू आहे. संध्याकाळी कुरडया पांढऱ्या दिसत होत्या, पण वाळलेली कुरडई हातात घेऊन काळ्या कापडावर झटकली तेव्हा कापडावर करडी भुकटी उमटली, आणि तळलेल्या कुरडईत दाताखाली कचकच लागली. ओल्या चिकाच्या तारांना चिकटलेली धूळ वाळल्यावर निघत नाही, कारण ती तारेच्या अंगातच बसते. वर मलमल पांघरून पाहिली. धूळ कमी झाली, पण कापड वाऱ्याने ओल्या कुरडईवर टेकून चिकटले आणि सोडवताना तारा तुटल्या.

दाट वस्तीतल्या गच्चीवर उन्हाची कमतरता नसते, मात्र वरून काय पडेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे उघडे वाळवण सोडून बंद सोलर ड्रायर करण्याचे ठरले.

१० मार्च

ड्रायरचा आराखडा फॅब्रिकेटरबरोबर बसून नक्की केला. सांगाडा जीआय चौकोनी पाइपचा, ५ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर. तळाला काळा रंग दिलेला पत्रा, त्याच्या वर वीतभर अंतरावर ट्रे ठेवण्याच्या पट्ट्या, आणि सगळ्यावर २०० मायक्रॉनचा पॉलिहाउसचा कागद ताणून बसवलेले, एका बाजूने उघडणारे झाकण. एका टोकाला हवा आत येण्याची जाळीदार खिडकी, दुसऱ्या टोकाला हवा बाहेर जाण्याचे तोंड. साधा पारदर्शक प्लास्टिकचा कागद स्वस्त मिळतो, परंतु तो एका उन्हाळ्यात ठिसूळ होऊन फाटतो, आणि त्याचे तुकडे अन्नात पडणे परवडणारे नाही.

खिडकीकडचा पहिला एक मीटर मुद्दाम रिकामा सोडला आहे. आत येणारी हवा तेथील काळ्या पत्र्यावरून तापून पुढे मालावर जाते. उरलेल्या चार मीटरमध्ये पाच ट्रे बसतात आणि बोटभर मोकळी जागा ठेवून एका ट्रेमध्ये ६० कुरडया मावतात. म्हणजे एका ड्रायरमध्ये ३०० कुरडया, ओल्या असताना सुमारे ९ किलो आणि वाळल्यावर ३ किलो.

१७ मार्च

पहिला ड्रायर गच्चीवर उभा राहिला. तो जिन्यातून वर नेता यावा म्हणून दोन तुकड्यांत करून वर नटबोल्टने जोडला. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच आहे आणि गच्चीच्या जिन्याचे वळण अरुंद आहे, म्हणून पाइप कापण्याआधी वळणाचे माप घेतले होते. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले, त्यामुळे भार एका टोकावर येत नाही आणि कोब्यालाही इजा होत नाही. भोक पाडायचे नसल्यामुळे चारही पायांना वाळूची पोती बांधली.

सांगाडा, कागद, ट्रे, जाळी आणि मजुरी मिळून एका ड्रायरला ९,४०० रुपये लागले.

२१ मार्च

पहिला माल भरला तो बिघडला. सकाळी साडेआठला कुरडया आत ठेवल्या आणि दहाच्या सुमाराला झाकणाच्या कागदाला आतून थेंब लोंबू लागले. हे थेंब खाली कुरडयांवर पडत होते आणि जिथे पडले तिथे तारा विरघळून एकमेकींत मिसळल्या. दुपारी आत ठेवलेल्या तापमापकाने ६८ अंश दाखवले. संध्याकाळी कुरडया वरून कडक आणि किंचित पिवळसर झाल्या होत्या, पण मोडल्यावर आतून ओल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास आला आणि सगळा माल टाकावा लागला.

दोन्ही बिघाडांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे हवा हलत नव्हती. सकाळी ओल्या मालातून निघालेली वाफ बाहेर जायला वाट नसल्याने गार कागदावर जमली, आणि दुपारी तीच साचलेली हवा तापून वरचा थर भाजून निघाला. वरचा थर असा कडक झाला की आतले पाणी बाहेर यायला मार्ग उरत नाही. मग कितीही ऊन मिळाले तरी कुरडई वाळत नाही, नुसती तापते.

२५ मार्च

किती हवा लागेल याचा हिशेब मांडला. ९ किलो ओल्या मालातून ६ किलो पाणी काढायचे आहे. त्यातील पाचेक किलो पहिल्या दिवशीच्या सहा तासांत जावे, असे धरले तर तासाला सुमारे ८०० ग्रॅम पाणी होते. तापलेल्या हवेचा एक घनमीटर मालावरून जाताना साधारण ५ ग्रॅम पाणी उचलतो असे सावधपणे धरले, तर तासाला १६० घनमीटर हवा आतून जायला हवी. नुसत्या धुराड्याच्या ओढीने एवढी हवा एवढ्या लांब खोक्यातून जाईल अशी खात्री नव्हती.

म्हणून बाहेर जाण्याच्या तोंडाला कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला असतात तसे १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवले, जे हवा आतून ओढून बाहेर टाकतात. त्यांना १० वॅटचे छोटे सौर पॅनेल थेट जोडले आणि मध्ये बॅटरी ठेवली नाही. दुकानदार बॅटरीचा आग्रह करत होता, पण पॅनेल थेट जोडण्याचा मोठा फायदा आहे : ऊन वाढले की पंखा आपोआप जोरात फिरतो आणि ढग आला की मंदावतो. म्हणजे ज्या वेळी आत उष्णता जास्त असते नेमक्या त्याच वेळी हवाही जास्त खेचली जाते. खिडकीचे तोंडही दुप्पट केले आणि तिला डासांच्या जाळीऐवजी थोडी मोकळी जाळी लावली, कारण बारीक जाळी धुळीने बुजते. धूळ अडवण्यासाठी खिडकीपुढे मलमलीचा एक पदर तिरका लावला आहे आणि तो रोज धुतो. पंखे, पॅनेल आणि बदल मिळून १,१०० रुपये वाढले, म्हणजे एक ड्रायर १०,५०० रुपयांना पडला.

बदलानंतरच्या मालावर एकही थेंब पडला नाही आणि दुपारी आतले तापमान ५२ ते ५८ अंशांच्या दरम्यान राहिले. ६० अंशांच्या खाली राहणे हे आता आमचे लक्ष्य आहे. त्याहून वर गेल्यास झाकण दोन बोटे उचलून फट ठेवतो आणि फटीला जाळी लावतो.

३ एप्रिल

ड्रायर चार झाले आहेत. आता अडचण ड्रायरची राहिली नाही, जिन्याची झाली आहे. चीक शिजवण्याचे काम तिसऱ्या मजल्यावरील एका सदस्येच्या स्वयंपाकघरात होते, कारण गच्चीवर गॅसला मनाई आहे. शिजलेला चीक पातेल्यात घेऊन वर नेईपर्यंत आणि त्यातील निम्मा घालून होईपर्यंत तो गार होतो. गार चीक सोऱ्यातून सहज उतरत नाही, दाबावे लागते, आणि तार अखंड न पडता तुटत पडते. तुटक तारांची कुरडई वाळल्यावर हातात भुगा होते.

पातेल्याला गोधडी गुंडाळणे, चीक थोडा सैल शिजवणे हे उपाय करून पाहिले. सैल चीक सोऱ्यातून पडला, पण तारा पसरून एकजीव झाल्या आणि कुरडईचा पापड झाला. अखेर कामाचा क्रमच उलटा केला. कुरडया आता स्वयंपाकघरातच, गॅसशेजारी, प्लास्टिक अंथरलेल्या ट्रेमध्ये घालतो आणि भरलेले ट्रे वर नेतो. एका ट्रेचे वजन ओल्या मालासह साडेतीन किलोंच्या आत असल्याने दोघी मिळून तो सहज नेता येतो, आणि गरम चिकाची पातेली घेऊन जिना चढण्याचा धोकाही टळला. सकाळी सहाला सुरुवात केली की साडेआठपर्यंत तीन ड्रायर भरतात.

ट्रेमध्ये आधी थेट नायलॉनच्या जाळीवर कुरडया घालून पाहिल्या होत्या, म्हणजे खालूनही हवा लागेल. ओला चीक जाळीच्या भोकांत उतरला आणि वाळल्यावर कुरडई उचलताना खालचा थर जाळीतच राहिला. त्यामुळे आता पहिल्या दुपारपर्यंत माल प्लास्टिकवर असतो. दोनच्या सुमाराला वरच्या तारा कडक झालेल्या असतात, पण तळ अजून वाकतो. त्या वेळी प्रत्येक कुरडई उलटून जाळीच्या ट्रेवर टाकतो. याआधी उचलली तर तार ओढली जाते, आणि फार उशीर केला तर तळ प्लास्टिकखाली घामेजून चिकट होतो.

उलटलेल्या, अर्धवट वाळलेल्या कुरडया एकमेकींवर थोड्या टेकल्या तरी चालतात, त्यामुळे त्यांना एक तृतीयांश जागा पुरते. या एका गोष्टीमुळे सगळी मांडणी बदलली : तीन ड्रायर रोजच्या ताज्या मालाला आणि चौथा आदल्या दिवशीच्या मालाला. अशा रीतीने दोन दिवसांचे वाळवण असूनही रोज माल भरता येतो. संध्याकाळी मात्र सगळे ट्रे जिन्यावरच्या खोलीत आणून ठेवतो, कारण पहाटे कागदाला आतून दव धरते.

१२ एप्रिल

गुढीपाडव्याआधी दिलेल्या पाकिटांपैकी काहींत बुरशी आल्याची तक्रार आली. पाकिटे परत घेतली, पैसे दिले आणि त्या बॅचमधील उरलेला सगळा माल मोडून पाहिला. कडेच्या तारा टणक होत्या. बुरशी मध्यभागी होती, जिथे सोऱ्या उचलताना तारेचे शेवटचे वेढे एकावर एक पडतात आणि गाठ होते. आमची तपासणी कडेची तार मोडून होत होती आणि कडेची तार नेहमी आधी वाळते.

आता दोन कसोट्या ठरल्या आहेत. पहिली वजनाची. प्रत्येक बॅचमधील एका ट्रेवर खूण करतो. त्या ट्रेमधील साठ कुरडयांचे ओले वजन १,८०० ग्रॅम असेल तर ते ६०० ग्रॅमपर्यंत उतरायला हवे. ही तिसऱ्या हिश्श्याची खूण आमच्या चिकाच्या प्रमाणासाठी आहे, पाण्याचे प्रमाण बदलले की ती बदलते. म्हणून शेवटचा निर्णय आकड्यावर नसतो. दुपारी दोन तासांच्या अंतराने केलेल्या वजनांत फरक पडेनासा झाला, तरच माल वाळला असे धरतो. दुसरी कसोटी तळण्याची. सर्वांत जाड गाठीची कुरडई निवडून कडक तापलेल्या तेलात सोडतो. ती मध्यापर्यंत एकसारखी पांढरी फुलली पाहिजे. मध्ये काचेसारखा, न फुललेला ठिपका राहिला तर सगळी बॅच आणखी एक दिवस ड्रायरमध्ये जाते.

गाठच पडू नये यासाठी सोऱ्या उचलताना तार मध्यावर न तोडता कडेला नेऊन तोडायची, अशी सवय केली. कुरडई तितकी गोल दिसत नाही, पण वाळते समान. पाकिटे भरण्याआधी माल स्टीलच्या डब्यात रात्रभर पूर्ण गार होऊ देतो. ड्रायरमधून काढलेला गरम माल लगेच पाकिटात भरला, तर आत वाफ धरते आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

२० एप्रिल

दुपारी चारला वळीव आला. पावसाआधी वाऱ्याचा झोत आला आणि एका ड्रायरचे झाकण उचलून मागे उलटले. कागद कोपऱ्यावर फाटला आणि पाऊस थेट मालावर पडला. इतर तीन ड्रायरचे पाय जागचे हलले नाहीत, म्हणजे पायांना बांधलेल्या वाळूने तेवढे काम केले होते. कमकुवत जागा झाकणाची होती, कारण वारा खालून शिरला की तेवढा मोठा कागद शिडासारखा काम करतो.

ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या झोताचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २४ किलो वजनाइतका असतो. झाकण सहा चौरस मीटरचे असल्याने पूर्ण झोत लागल्यास ते १४० किलोंच्या पुढच्या जोराने उचलले जाऊ शकते. लहान कडी-कोयंडे या जोरापुढे टिकत नाहीत. आता प्रत्येक ड्रायरवरून ट्रकवाले वापरतात तसे कसायचे दोन पट्टे आडवे नेऊन दोन्ही बाजूंना वाळूच्या पोत्यांना बांधले आहेत. पोत्यांचे वजन एका ड्रायरला १२० किलो केले. सांगाड्यासह एकूण भार चौरस मीटरला ३० किलोंच्या आत राहतो, म्हणजे गच्चीला त्याची चिंता नाही. तरीही पोती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईच्या रेषेवर ठेवावीत, असे अभियंत्यांनी सांगितले आणि तसे केले.

भिजलेला माल पुन्हा वाळवून वाचवता येईल का, हे त्यातील थोडा बाजूला ठेवून पाहिले. अर्धवट वाळलेल्या तारांवर पाणी पडले की वरचा थर चिकट होतो आणि सकाळपर्यंत आंबतो. असा माल विकण्याजोगा राहत नाही.

दुपारी तीननंतर पश्चिमेला ढग चढताना दिसले की पट्टे कसायचे आणि एक सदस्य गच्चीवर थांबायची, ही पाळी आता लावली आहे. मोबाइलवरचा अंदाज उपयोगी असतो, पण शहराच्या एका भागात वळीव कोसळतो आणि दुसरा कोरडा राहतो, त्यामुळे आकाश पाहणाऱ्या माणसाला पर्याय नाही.

४ मे

एका दिवसाचा हिशेब येथे मांडते, कारण विचारणारे बहुतेक जण हाच विचारतात. १८ किलो लोकवन गव्हापासून सुमारे ९ किलो वाळलेली कुरडई मिळते. गहू ६८४ रुपये, गॅस-मीठ-हिंग २५० रुपये, पाकिटे व लेबल १८० रुपये, चौघींची मजुरी १,८०० रुपये आणि गच्चीच्या भाड्याचा रोजचा वाटा १२० रुपये, असा एकूण खर्च ३,०३४ रुपये येतो. किलोला ४८० रुपये भावाने थेट गिऱ्हाइकाला विकल्यास ४,३२० रुपये येतात आणि १,२८६ रुपये उरतात. तोच माल दुकानात ठेवल्यास दुकानदाराचे २० टक्के, म्हणजे ८६४ रुपये वजा होऊन ४२२ रुपये उरतात. चार ड्रायरचे ४२,००० रुपये थेट विक्रीतून एका हंगामात वसूल होऊ शकतात, दुकानातून होत नाहीत.

दुकानाचा वाटा अन्यायाचा आहे असे मी म्हणत नाही, त्याची जागा पेठेतली आणि भाडे पेठेतले आहे. पण ज्या व्यवसायाचे सगळे बळ तळमजल्याचे भाडे वाचवण्यात आहे, त्याने विक्रीसाठी पुन्हा तळमजल्याच्याच आधाराला जाऊ नये. आजूबाजूच्या इमारतींत आगाऊ मागणी घेणे आणि माल घरपोच देणे यावर पुढच्या वर्षी भर देणार आहोत. मागणी फेब्रुवारीतच घ्यायला हवी, कारण अक्षय्य तृतीयेनंतर बहुतेक घरांची वर्षाची बेगमी झालेली असते. मजुरी कमी करून हिशेब जुळवण्याची सूचना एका हितचिंतकाने केली. ती आम्ही स्वीकारली नाही, कारण पहाटेपासून गरम चिकावर सोऱ्या दाबण्याचे काम हाताला आणि खांद्याला फार लागते.

उरलेला चोथा सुरुवातीला फुकट जात होता. आता त्यात तिखट, मीठ आणि जिरे घालून भुसवड्या करतो. त्या चौथ्या ड्रायरच्या मोकळ्या ट्रेमध्ये वाळतात. चोथा त्याच सकाळी वापरावा लागतो, दुपारपर्यंत तो आंबतो.

२ जून

आज शेवटचा माल काढला. गेल्या काही दिवसांपासून सकाळची हवा दमट झाली आहे आणि त्याचा परिणाम वजनाच्या वहीत स्पष्ट दिसतो : जो ट्रे एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या हिश्श्यावर येत होता, तो आता तिसऱ्या दिवशीही पूर्ण उतरत नाही. आतले तापमान जवळपास तेवढेच आहे, पण दमट हवा पाणी कमी उचलते. ठरावाप्रमाणे १५ जूनपर्यंत जागा आपली असली तरी अशा हवेत माल भरण्यात अर्थ नाही.

झाकणे उतरवून कागद साबणाच्या पाण्याने धुतला, वाळवला आणि घडी न घालता पाइपवर गुंडाळून ठेवला, कारण घडीच्या रेषेवर तो आधी फाटतो. पंखे आणि पॅनेल खाली आणले. सांगाड्यांचे जोड सुटे करून ते जिन्यावरच्या खोलीच्या भिंतीशी उभे केले. वाळूची पोती गच्चीवर ठेवली नाहीत, ती पावसात फुटली तर वाळू पन्हाळीच्या तोंडाशी जाऊन बसेल. गच्ची झाडून पाण्याचे चारही निचरे मोकळे असल्याचे चौथ्या मजल्यावरील काकूंना दाखवले आणि जागा समितीच्या ताब्यात दिली.

थंडीत हेच ड्रायर मेथी आणि कढीपत्ता वाळवण्यासाठी वापरून पाहायचे आहेत. पानांना थेट ऊन लागले तर त्यांचा हिरवा रंग उडतो, म्हणून झाकणावर काळे कापड टाकून वाळवण्याची एक चाचणी डिसेंबरमध्ये घेऊ. त्यासाठी समितीकडे वेगळा ठराव मागावा लागेल.